हनुवटीवरचे केस, चुकणारी पाळी आणि पिंपल्स : तिन्हींचं मूळ एक असेल तर उपचार कोणत्या क्रमाने करायचे

रमजानचे पूर्ण तीस रोजे मुलीने ठेवले, एकही कजा राहिला नाही, की घरात कौतुक होतं. दुसऱ्या वर्षीही तसंच झालं तर नानी माशाअल्लाह म्हणते आणि विषय संपतो. पण वयात आलेल्या मुलीचा एक अख्खा महिना पाळीशिवाय गेला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं, तर अम्मीने एकदा शांतपणे विचारायला हवं, 'बेटा, एरवी पाळी कधी येते?' ज्या मुलीचं चक्र 34-35 दिवसांचं आहे तिचा रमजान कधी कधी कोरडा जाऊ शकतो, त्यात काही गैर नाही. मात्र त्याच मुलीच्या हनुवटीवर राठ केस येत असतील आणि जबड्याच्या कडेला पिंपल्सही जात नसतील, तर या तीन गोष्टी एकत्र जोडून बघायला हव्यात.

आपल्याकडे त्या जोडल्या जात नाहीत. केसांसाठी पार्लर, पिंपल्ससाठी मेडिकलमधली ट्यूब, आणि पाळीसाठी 'लग्न झालं की ठीक होईल'. सीवूड्स स्टेशनच्या दोन्ही बाजूंना पार्लर आणि स्किन क्लिनिक आहेत, नेरूळपर्यंत चालत गेलं तर आणखी दिसतील. चेहऱ्याचा लेझर करून मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते हे ठरवणं, की आधी काय करायचं आणि नंतर काय. क्रम चुकला की पैसे जातात आणि केस परत येतात. या लेखात आम्ही मुख्यतः त्या क्रमाबद्दलच लिहिणार आहोत.

शरीरात नेमकं काय होतं

पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. हे नाव जरा फसवं आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'सिस्ट' हा शब्द वाचून अनेक घरांत गाठ, ऑपरेशन, कॅन्सर असे शब्द सुरू होतात. त्या गाठी नसतात. बीजकोशात दर महिन्याला काही छोट्या पिशव्या वाढू लागतात, त्यातली एक पिकते आणि तिच्यातून बीज बाहेर पडतं. इथे त्या अर्ध्यावर थांबतात आणि तशाच साचून राहतात. बीज बाहेर पडलं नाही म्हणून पाळीही वेळेवर येत नाही.

याच्या मागे दोन हार्मोन्सचं साटंलोटं असतं. प्रत्येक स्त्रीच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन थोडं असतंच. इन्सुलिन वाढलं की ते बीजकोशाला टेस्टोस्टेरॉन जास्त बनवायला लावतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, तेही इन्सुलिनमुळे कमी होतं. मग रक्तात मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन वाढतं. ते त्वचेत पोचलं की तिथे त्याचं आणखी जोरदार रूप तयार होतं. त्याने तेलग्रंथी जास्त तेल सोडतात आणि पिंपल्स येतात, आणि हनुवटी, वरचा ओठ, गळा इथली मऊ लव हळूहळू काळ्या राठ केसात बदलते. एकदा राठ झालेलं केसाचं मूळ आपोआप पुन्हा लव देत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं अवलंबून आहे.

मानेच्या मागे किंवा काखेत मखमलीसारखा काळेपणा दिसतो, तो मळ नसतो. वाढलेल्या इन्सुलिनची ती खूण आहे. घासणीने किंवा बेसन-लिंबाने चोळून ती जात नाही, उलट त्वचा जास्त काळी पडते. आयांनी मुलींच्या माना घासणं कृपया थांबवावं.

'पण आमची मुलगी तर जाड नाही' असंही नेहमी ऐकू येतं. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने 15 ते 24 वयाच्या मुलींची पाहणी केली होती. ती 2014 साली प्रसिद्ध झाली. रॉटरडॅमचे निकष लावले तर त्यात 22.5 टक्के मुलींमध्ये पीसीओएस निघाला, आणि जास्त कडक निकष लावले तर 10.7 टक्के. पहिल्या गटातल्या मुलींपैकी साधारण 72 टक्के स्थूल नव्हत्या. म्हणजे आपल्या शहरातली पीसीओएस असलेली मुलगी बहुतेक वेळा साध्या बांध्याचीच असते, आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही.

तपासणी : थोडी, पण नेमकी

एक उदाहरण समोर ठेवू या. मुलगी कल्पित आहे, पण अशा मुली आपल्या ओळखीत सापडतील. वय 21, राहणार सीवूड्स, कॉलेज नेरूळला. पहिली पाळी बाराव्या वर्षी. गेल्या वर्षभरात पाळी फक्त पाच वेळा आली, एकदा तर शंभर दिवस आलीच नाही. दर दहा दिवसांनी हनुवटीचं थ्रेडिंग. जबड्यावर आणि गळ्यावर खोल, दुखणारे पिंपल्स, पाळीच्या आसपास जास्त. उंची 157 सेंटिमीटर, वजन 61 किलो.

मोठ्या मुलीमध्ये पीसीओएस ठरवायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत तशी दिसणारी बीजकोशं. अनियमित म्हणजे किती, तर पहिली पाळी येऊन तीन वर्षं झाल्यावरही चक्र 21 दिवसांपेक्षा कमी किंवा 35 पेक्षा जास्त असणं, अथवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येणं. आपल्या उदाहरणातल्या मुलीत पहिल्या दोन गोष्टी स्पष्ट आहेत, म्हणून निदानासाठी सोनोग्राफीची गरजच नाही. पहिली पाळी येऊन आठ वर्षं व्हायच्या आत तर सोनोग्राफीवरून निदान करूच नये, कारण त्या वयात निरोगी मुलींचीही बीजकोशं तशीच दिसतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टवर 'पीसीओडी' लिहिलेलं वाचून घाबरून जाऊ नका. त्या वयात पाळीची अनियमितता आणि केस-पिंपल्सची लक्षणं, दोन्ही असतील तरच पुढे विचार करायचा.

सोनोग्राफी कधी लागलीच, तर अविवाहित मुलीची ती पोटावरून करतात, भरपूर पाणी पिऊन. आतून तपासतील या भीतीने काही आया वर्ष-वर्ष डॉक्टरकडे जात नाहीत. अपॉइंटमेंट घेतानाच 'अविवाहित आहे, लेडी डॉक्टर हवी' असं सांगितलं की पुरतं.

डॉक्टरकडे जाताना मुली चेहरा स्वच्छ करून जातात. साहजिक आहे. पण डॉक्टर ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ अशा नऊ जागांवरचे केस पाहून गुण देतात. कालच थ्रेडिंग झालेलं असेल तर त्यांना काहीच दिसत नाही आणि 'हे नॉर्मल आहे' असं उत्तर मिळतं. म्हणून निदान दोन आठवडे केस तसेच ठेवून जा. ते जमणार नसेल तर किती दिवसांनी थ्रेडिंग लागतं ते तोंडाने सांगा. नकाबमध्ये जाणाऱ्या मुलींना हे दोन आठवडे तुलनेने सोपे जातात, असं आम्हाला काहींनी हसत सांगितलं.

रक्ताच्या तपासण्या मोजक्याच आहेत. टेस्टोस्टेरॉन हे पहिलं. थायरॉइडसाठी टीएसएच आणि त्याबरोबर प्रोलॅक्टिन, कारण या दोन्हींच्या बिघाडानेही पाळी चुकते आणि त्यांचा उपचार पूर्ण वेगळा आहे. चौथी तपासणी सतरा-हायड्रॉक्सी प्रोजेस्टेरॉन, सकाळी लवकर. अॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात दोष हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो, तो या तपासणीने कळतो. आणि साखर, पण फक्त उपाशीपोटीची नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी जी घेतात ती. आपल्या मुलीची उपाशीपोटी साखर 94 आली, अगदी चांगली, पण दोन तासांनंतरची 152. ती 140 च्या आत हवी होती. 200 ला मधुमेह म्हणतात, म्हणजे ही मुलगी मधल्या पायरीवर उभी आहे. फक्त उपाशीपोटी तपासलं असतं तर ते कळलं नसतं.

मुलगी आधीच कोणी दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या घेत असेल तर टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट खोटा-चांगला येतो. त्यासाठी डॉक्टर तीन महिने गोळ्या थांबवून मग तपासतात.

एका परिस्थितीत मात्र थांबायचं नाही. पीसीओएसचे केस वयात येण्याच्या सुमारास सुरू होऊन वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात. चार-सहा महिन्यांतच दाढीसारखे केस आले, आवाज घोगरा झाला, कपाळावरचे केस पुरुषांसारखे मागे हटू लागले, तर बीजकोशात किंवा अॅड्रिनलमध्ये हार्मोन बनवणारी गाठ असू शकते. हे विरळ आहे, पण असं दिसलं तर त्याच आठवड्यात एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे जायला हवं, लेझरवाल्याकडे नाही.

गोळी, आणि घरातला गोंधळ

स्त्रीरोगतज्ज्ञ या मुलीला एक चिठ्ठी देतात. मेडिकलवाला पाकीट पुढे करतो, त्यावर गर्भनिरोधक गोळी असल्याचं छापलेलं असतं, आणि अम्मीचा चेहरा उतरतो. आमच्या मते उपचार सुटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. पाकीट घरी जाऊन कपाटात पडतं.

म्हणून ती गोळी काय करते ते समजून घ्या. ती बीजकोशाला टेस्टोस्टेरॉन बनवण्यापासून थोपवते आणि यकृतातलं ते बांधून ठेवणारं प्रथिन वाढवते. मोकळं टेस्टोस्टेरॉन उतरतं. गर्भ न राहणं हा तिचा दुसरा परिणाम झाला, इथे तिचं काम वेगळंच आहे. तिसरं काम तितकंच महत्त्वाचं. तीन-तीन महिने पाळी आली नाही की गर्भाशयाच्या आतलं अस्तर साचत जातं, आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर पुढे त्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. म्हणून 'पाळी आली नाही, बरंच झालं' असं म्हणून सोडून देऊ नये. ज्यांना ही गोळी चालत नाही त्यांना काही महिन्यांनी एकदा दहा-बारा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन अस्तर बाहेर काढतात. त्याने केस कमी होत नाहीत, पण गर्भाशय सुरक्षित राहतं.

गोळी सगळ्यांसाठी नाही. रक्तदाब मोजल्याशिवाय ती सुरू करू नये. डोकेदुखीच्या आधी डोळ्यांपुढे चमक येणारी मायग्रेन असेल, किंवा स्वतःला वा आई-बहिणीला पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल, तर आधी सांगा. गोळी चालू असताना एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, यातलं काही झालं तर लगेच दवाखाना गाठायचा. सायप्रोटेरॉन असलेली गोळी पिंपल्ससाठी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. तिच्यात गुठळीचा धोका इतर गोळ्यांपेक्षा जास्त आहे, म्हणून सुरुवात तिने करू नये असंच आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

गोळीवर पाळी महिन्याच्या महिन्याला येते. ती गोळीमुळे येते, पीसीओएस बरा झाला म्हणून नाही. हे माहीत नसलं की गोळी बंद केल्यावर पाळी पुन्हा लांबते आणि दोष गोळीला दिला जातो.

साखरेसाठी या मुलीला मेटफॉर्मिन मिळालं. ते योग्यच, पण त्याने केस जातील अशी आशा धरू नये, केसांवर त्याचा परिणाम फारसा नाही. रमजानमध्ये ते इफ्तारबरोबर घेता येतं. डोस किती, ते डॉक्टरला आधी विचारून ठेवा.

त्वचेचे उपचार

आता पुन्हा त्या गोष्टीकडे येऊ: राठ झालेलं मूळ आपोआप लव देत नाही. गोळी नवीन केस राठ होण्यापासून थांबवते, जुने बारीक आणि हळू वाढणारे करते, तेही सहा महिन्यांनी दिसू लागतं. जे आधीच झालेत त्यांचं मूळ लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिसनेच जळतं. उलट नुसता लेझर केला आणि हार्मोन तसंच राहिलं, तर आज जी लव आहे ती उद्या राठ होत राहणार. म्हणजे खालून नळ चालू आणि वरून आपण पाणी उपसतोय. दोन्ही एकत्र लागतात, आणि दोन-तीन महिने गोळी झाल्यावर लेझर सुरू करणं आम्हाला जास्त सोयीचं वाटतं. तोवर पिंपल्सही बसतात आणि त्वचा शांत होते.

पिंपल्सपासून सुरू करू. रात्री अॅडापलीन जेल 0.1 टक्के, संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. फक्त फोडावर टिंब लावायचं नाही, कारण ते पुढचे फोड अडवण्यासाठी असतं. पहिल्या दोन आठवड्यांत एक दिवसाआड. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के, आणि त्यावर सनस्क्रीन. बेन्झॉइल पेरॉक्साइडने ओढणीचे आणि उशीच्या अभ्र्यांचे रंग उडतात, त्यामुळे पांढरा टॉवेल वेगळा ठेवा. पहिल्या महिन्यात त्वचा सोलवटते आणि फोड थोडे वाढल्यासारखे वाटतात. इथेच निम्म्या मुली सोडून देतात. खरा फरक आठ ते बारा आठवड्यांनी दिसतो.

मेडिकलमधून कोणी 'गोरी करणारी' ट्यूब दिली तर घटक वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. पहिला आठवडा चेहरा चमकतो. मग फोड येतात, त्वचा पातळ आणि लाल होते, आणि चेहऱ्यावर केसही वाढतात. म्हणजे ज्या तक्रारींसाठी ती लावली त्याच वाढतात. यातल्या बऱ्याच क्रीम 2018 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी शेजारणीच्या हातून त्या फिरत राहतात.

थ्रेडिंग थांबवायचं. ओढून काढलेल्या केसाची मुळं सुजतात, केस आतल्या आत वळतो, काळे डाग राहतात, आणि ते पिंपल्स समजून त्यांच्यावर उपचार चालतो. शिवाय लेझरला केसाचं मूळ जागेवर असावं लागतं. म्हणून लेझरच्या आधी निदान चार आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा काहीही नको. या काळात चेहऱ्याच्या छोट्या रेझरने केस काढा. 'रेझर लावला की केस दाट येतात' हे खरं नाही. रेझर केसाला मधूनच कापतो, मुळाला हात लावत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच.

लेझर केसातल्या काळ्या रंगाला शोधतो. प्रकाश त्या रंगात शोषला जातो, उष्णता होते आणि मूळ जळतं. अडचण अशी, की आपल्या सावळ्या त्वचेतही तोच रंग आहे. चुकीचं मशीन किंवा चुकीची ताकद असेल तर केसाऐवजी त्वचा भाजते. आपल्यासाठी लांब तरंगलांबीचा एनडी-याग, म्हणजे 1064 नॅनोमीटर, सगळ्यात सुरक्षित, आणि डायोडही चांगल्या हातात चालतो. आयपीएल हा लेझर नाहीच, तरी अनेक ठिकाणी लेझर म्हणूनच विकला जातो. म्हणून पैसे भरण्याआधी मशीन कोणतं आणि ते कोणता डॉक्टर चालवणार किंवा जवळ उभा राहणार, हे विचारा. कानामागे किंवा जबड्याखाली छोटा तुकडा करून बघायला सांगा. ज्यांना हे प्रश्न आवडत नाहीत तिथून उठून या, सीवूड्समध्ये दुसरं क्लिनिक पाच मिनिटांवर आहे.

एका वेळी सगळे केस वाढीच्या अवस्थेत नसतात, आणि लेझर फक्त वाढत्या केसाला मारतो. म्हणून चेहऱ्यावर चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका, आणि पीसीओएसमध्ये त्यानंतरही वर्षातून एक-दोन वेळा राखण लागते. 'कायमचे जातील' असं कोणी लिहून देत असेल तर ते खोटं आहे. कायमचे कमी होतात, एवढं म्हणता येतं.

नीट झालं तर लगेच मुळाभोवती लालसर सूज येते आणि एका दिवसात बसते. एक-दोन आठवड्यांत जळके केस गळून पडतात, ते वाढलेले केस नाहीत. बिघडलं तर पाण्याचे फोड, मशीनच्या चौकटीसारखे चट्टे, पांढरे किंवा गडद डाग. मग पुढची बैठक रद्द करून त्वचारोगतज्ज्ञ. बैठकीच्या आठवडाभर आधी त्या भागावर अॅडापलीन बंद ठेवा.

आणखी एक गोष्ट आहे, जी पॅकेज विकताना क्वचितच सांगितली जाते. लेझरनेच कधी कधी केस वाढतात. गालाच्या कडेला आणि गळ्यावर, जिथे बारीक लव आहे तिथे कमी ताकदीची उष्णता पोचली तर ती मुळांना मारण्याऐवजी जागं करते. दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्वेकडच्या बायकांत, त्यातही पीसीओएस असलेल्यांत, हे जास्त दिसतं. म्हणून हनुवटीचे जाड काळे केस लेझरला द्या, गालाची लव देऊ नका. 'फुल फेस' स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. तीन बैठकांनंतर कडेला नवे लांब केस दिसले तर आधी डॉक्टरला दाखवा, आणखी बैठका वाढवू नका.

पांढऱ्या केसाला लेझरचा उपयोग नाही, तिथे इलेक्ट्रोलिसिस. एकेका मुळात सुई घालून वीज देतात. वेळखाऊ आहे, दुखतं, पण थोड्या उरलेल्या केसांना उत्तम. एफ्लॉर्निथीनचं 13.9 टक्के क्रीम दिवसातून दोनदा लावलं तर वाढ मंदावते, दोन महिन्यांनी फरक दिसतो, बंद केलं की दोन महिन्यांत पहिल्यासारखं.

दीनचे दोन प्रश्न

भुवया कोरण्याबद्दलची हदीस ऐकून काही मुली हनुवटीचे केस काढायलाही घाबरतात. इमाम नववी यांनी सहीह मुस्लिमच्या शरहात स्त्रीला दाढी किंवा मिशी आली तर ती काढणं मना नाही, उलट पसंतीचं आहे, असं लिहिलं आहे. आपल्याकडचे कोकणी मुस्लिम शाफईच आहेत, त्यांनी तरी मनात शंका ठेवू नये.

दुसरा प्रश्न लांबलेल्या रक्तस्रावाचा. पीसीओएसमध्ये महिनोन्महिने पाळी येत नाही आणि मग आली की थांबत नाही. हैजची कमाल मुदत शाफई मजहबमध्ये 15 दिवस, हनफीमध्ये 10. त्यापलीकडे इस्तिहाजाचा मसला येतो आणि नमाज-रोजाचा हिशोब बदलतो, तो आपल्या आलिमांना विचारावा. पण इतके दिवस रक्त गेलं तर डॉक्टरलाही तितक्याच लगेच दाखवायचं आणि हिमोग्लोबिन तपासायचं. नमाज सोडल्याच्या आणि सुरू केल्याच्या तारखा बऱ्याच मुली लिहून ठेवतात. तीच वही डॉक्टरपुढे ठेवा, त्यांना त्याहून चांगला रेकॉर्ड मिळणार नाही.

वर्षभरानंतर

आपल्या मुलीचा हिशोब असा लागायला हवा. तिसऱ्या महिन्यात नवे फोड निम्म्याने कमी, डाग अजून आहेत. चौथ्या महिन्यात पहिला लेझर. सहाव्या महिन्यात रेझर रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा. वजन तीन किलो उतरलं, म्हणजे पाच टक्के, आणि एवढ्यानेही इन्सुलिन हलतं. मैद्याचं आणि शरबताचं प्रमाण कमी करून संध्याकाळी पाम बीच रोडच्या बाजूला चाळीस मिनिटं झपझप चाललं तर हे जमतं. बाराव्या महिन्यात हनुवटीवर मोजके बारीक केस. दोन तासांची साखर पुन्हा तपासायची.

सहा महिन्यांनी केसांत काहीच फरक नसेल तर डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोन जोडतात. हे लघवी वाढवणारं औषध आहे, रमजानमध्ये इफ्तारनंतर घेतलेलं बरं. खर्चाचा प्रश्न असेल तर नेरूळच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये स्त्रीरोग आणि त्वचा हे दोन्ही विभाग एकाच छताखाली मिळतात. परळच्या त्या संशोधन संस्थेनेही पीसीओएससाठी खास क्लिनिक सुरू केलं आहे. हार्बरने कुर्ला आणि तिथून मध्य रेल्वेने परळ.

आणि निकाहची तारीख ठरली की मुलीने किंवा अम्मीने डॉक्टरला एक फोन करायचा आहे. स्पायरोनोलॅक्टोन गर्भातल्या मुलाच्या वाढीवर परिणाम करू शकतं, आणि पिंपल्ससाठीची आयसोट्रेटिनॉइन कॅप्सूल तर गर्भात गंभीर व्यंग आणते. ती बंद केल्यावरही निदान महिनाभर गर्भ राहता कामा नये. अॅडापलीनही थांबवतात. हे बदल लग्नाआधी दोन-तीन महिने करायचे असतात. लग्नपत्रिका छापायला द्याल त्याच आठवड्यात तो फोन झालेला असू द्या.